तीन वर्षांच्या विक्रीतून हंगामी निर्देशांक: नवरात्र-दिवाळी सरकते तेव्हा माल आणि रोकड कशी बसवायची

प्रश्न: बडोद्यात मांडवीजवळ आमचं साड्या आणि ड्रेस मटेरियलचं दुकान आहे, नवरात्रीआधी चणिया-चोळीही ठेवतो. २०२३, २०२४ आणि २०२५ची महिनावार विक्री हाताशी आहे (वर्षाची ६० लाख, ६४.८ लाख, ७२ लाख). त्यावरून हंगामी निर्देशांक काढून २०२६चा माल आणि पैशांची सोय ठरवायची आहे. पण सप्टेंबर ते नोव्हेंबरचे आकडे दरवर्षी इतके वेगळे येतात की सरासरीवर विश्वास बसत नाही. काय करावं?

उत्तर:

विश्वास बसत नाही हे चांगलंच आहे, कारण त्या तीन महिन्यांची सरासरी खरोखरच फसवी आहे. बाकीचे नऊ महिने साध्या रीतीने सुटतात, म्हणून ते आधी उरकून घेऊ आणि मग सणांकडे वळू.

आकडे घेताना दोन गोष्टी बघा. विक्री जीएसटी वगळून आणि परत आलेला माल वजा करून घ्या. एखाद्या गरबा मंडळाने एकदम पन्नास चणिया-चोळी नेल्या असतील तर ते बिल वेगळं काढा. असं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येईलच असं नाही, आणि तीन वर्षांच्या छोट्या नोंदीत एक मोठं बिल अख्ख्या महिन्याचा आकडा बिघडवतं.

मग प्रत्येक महिन्याची विक्री त्याच वर्षाच्या मासिक सरासरीशी ताडून बघायची. २०२३ची मासिक सरासरी ५ लाख आहे आणि मे महिन्याची विक्री ५.५ लाख, म्हणून मेचा निर्देशांक ११०. शीटमध्ये महिने A2 ते A13 आणि २०२३ची विक्री B स्तंभात असेल तर सूत्र असं:

```
=B2/AVERAGE(B$2:B$13)*100
```

२०२४ आणि २०२५ला तेच. प्रत्येक वर्षाला त्याच्याच सरासरीने भागल्यामुळे धंद्याची वाढ बाजूला पडते आणि फक्त हंगामाचा चढउतार उरतो. तुमच्या आकड्यांवरून असं दिसतं:

| महिना | २०२३ | २०२४ | २०२५ | मधला |
|---|---|---|---|---|
| जानेवारी | ७० | ७० | ७० | ७० |
| फेब्रुवारी | ९० | १०० | ९० | ९० |
| मार्च | ८० | ८१ | ८० | ८० |
| एप्रिल | ९० | ९३ | ९० | ९० |
| मे | ११० | ७४ | ११० | ११० |
| जून | ६० | ५४ | ६० | ६० |
| जुलै | ६० | ६७ | ६० | ६० |
| ऑगस्ट | ८० | ५० | ९५ | ८० |
| सप्टेंबर | ११० | १५० | १६५ | १५० |
| ऑक्टोबर | १८० | २२२ | १८५ | १८५ |
| नोव्हेंबर | १७० | १२६ | १०० | १२६ |
| डिसेंबर | १०० | ११३ | ९५ | १०० |

शेवटच्या स्तंभात मी सरासरी घेतलेली नाही. तिन्हीपैकी मधला आकडा घेतला आहे (`=MEDIAN`). बेरीज १२०० यायला हवी, ती इथे १२०१ आली, म्हणून दुरुस्ती लागली नाही. जास्त फरक पडला तर सगळे आकडे त्याच प्रमाणात कमी-जास्त करून बेरीज १२००वर आणा.

मधला आकडा का, ते ऑगस्टवरून कळेल. ऑगस्ट २०२४च्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला, शहराचे कित्येक भाग पाण्यात राहिले, गिऱ्हाईक घराबाहेर पडू शकलं नाही. तो ५० हा आकडा पुराचा आहे, ऑगस्टच्या स्वभावाचा नाही. सरासरीत तो मिसळला तर ७५ येतात. मधला आकडा त्याला आपोआप बाहेर ठेवतो. मे २०२४ची गोष्ट तशीच. त्या वर्षी गुरू-शुक्राच्या अस्तामुळे मे-जूनमध्ये लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नव्हतेच, म्हणून लग्नाच्या साड्या निघाल्या नाहीत आणि निर्देशांक ११०वरून ७४वर आला. दोन्ही वेळा कारण ठाऊक आहे, तो आकडा एकाच वर्षाचा आहे आणि उरलेली दोन वर्षं तसं काही दाखवत नाहीत. त्यामुळे तो बाजूला ठेवायला हरकत नाही. कारण न सापडता नुसता विचित्र दिसतो म्हणून आकडा टाकून देऊ नये.

वाढीबद्दल एकच सांगतो. धंदा वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास वाढत असेल तर या रीतीत जानेवारीचा निर्देशांक चार-पाच टक्क्यांनी कमी आणि डिसेंबरचा तितकाच जास्त दिसतो, कारण वर्षभरात दुकान हळूहळू मोठं होत असतं. तुमच्या आकारमानाला हा फरक चालून जातो. वाढ वीस-पंचवीस टक्क्यांची असती तर बारा महिन्यांच्या सरकत्या सरासरीने भागायला सांगितलं असतं. पण त्या रीतीत पहिले सहा आणि शेवटचे सहा महिने हातचे जातात आणि प्रत्येक महिन्याला दोनच आकडे उरतात. दोन आकड्यांत मधला आकडा नसतो, म्हणजे पुराचा ऑगस्ट पुन्हा हिशेबात येतो.

आता सप्टेंबर ते नोव्हेंबर. इथे मधला आकडाही वाचवत नाही, कारण या तिन्ही वर्षांत चुकीचं असं एकही वर्ष नाही. सण सरकले आहेत. २०२३ साली घटस्थापना १५ ऑक्टोबरला आणि दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. २०२४ साली घटस्थापना ३ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबर–१ नोव्हेंबरला. २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला आणि दिवाळी २० ऑक्टोबरला. तक्ता या तारखांशेजारी ठेवून वाचा: सण जसजसा अलीकडे आला तसतसा सप्टेंबर ११०वरून १६५वर चढला आणि नोव्हेंबर १७०वरून १००वर उतरला. तिन्ही महिन्यांची बेरीज मात्र ४६०, ४९८ आणि ४५० आहे. २०२४ची बेरीज थोडी फुगलेली आहे, कारण मे आणि ऑगस्ट पडल्यामुळे त्या वर्षाच्या विक्रीत बाकी महिन्यांचा वाटा वाढला, शिवाय पुरात अडकलेली काही खरेदी सप्टेंबरात झाली. म्हणजे हंगाम जवळपास तेवढाच आहे, फक्त इंग्रजी महिन्यांत त्याची वाटणी दरवर्षी बदलते.

२०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. अधिक मासामुळे पुढचे सगळे सण उशिरा येतात: घटस्थापना ११ ऑक्टोबर, दसरा २० ऑक्टोबर, दिवाळी ८ नोव्हेंबर. २०२३मध्येही अधिक श्रावण होता, त्यामुळे २०२६चं पंचांग २०२३च्या जवळ जातं आणि २०२५पासून बरंच लांब. समजा २०२६ची विक्री ७८ लाख, म्हणजे महिन्याला ६.५ लाख धरली. मधल्या निर्देशांकाने सप्टेंबरला ९.७५ लाख आणि नोव्हेंबरला ८.२ लाख येतात. २०२३च्या घडणीने सप्टेंबरला ७.१५ लाख आणि नोव्हेंबरला ११.०५ लाख येतात. सप्टेंबरात अडीच लाखांहून जास्त विक्रीचा माल कपाटात पडून राहील आणि दिवाळीच्या आठवड्यात जवळपास तीन लाखांचा माल कमी पडेल. गेल्या वर्षीच्या तारखा डोळ्यांसमोर ठेवून ऑर्डर दिली तर चूक याहून मोठी होते.

मग नुसतं २०२३च का घेऊ नये? कारण एका वर्षावर सगळा भार टाकण्यात पुन्हा तोच धोका आहे. त्या वर्षी एखादा प्रकार संपला होता की काय, आठवडाभर पाऊस पडला की काय, ते तुम्हाला आज आठवणार नाही. तिन्ही वर्षं वापरता येतील अशी रीत आहे, ती म्हणजे महिने सोडून सणापासून दिवस मोजायचे. त्यासाठी महिनावार बेरजा पुरत नाहीत, रोजची विक्री लागते. पण बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून तारीखवार यादी निघतेच. तिचे तीन टप्पे करा. पहिला, घटस्थापनेआधीचे एकवीस दिवस. दुसरा, घटस्थापना ते दसरा. तिसरा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून लक्ष्मीपूजनापर्यंत. हा टप्पा दरवर्षी अठरा ते वीस दिवसांचाच असतो, म्हणून तुलना नीट बसते. प्रत्येक टप्प्याची विक्री त्या वर्षाच्या एकूण विक्रीच्या किती टक्के, एवढंच काढायचं.

तुमची रोजची यादी माझ्यापुढे नाही, पण महिन्यांच्या बेरजा या तारखांवर बसवून पाहिल्या तर पहिल्या टप्प्याला साधारण १० टक्के, दुसऱ्याला ५ आणि तिसऱ्याला १४ टक्के येतात, आणि तिन्ही वर्षांत हे प्रमाण फारसं हलत नाही. पडताळा घ्यायचा तर २०२५चा घ्या. पहिला अख्खा टप्पा १ ते २१ सप्टेंबरात बसला आणि दुसऱ्यातले नऊ दिवसही सप्टेंबरातच आले: १० आणि ४ मिळून वर्षाच्या १४ टक्के. तक्त्यातला सप्टेंबरचा १६५ म्हणजे १२००पैकी १६५, पावणेचौदा टक्के. जुळतं. तुमच्या खऱ्या यादीतून टक्केवारी काढाल तेव्हा तिन्ही वर्षं एकमेकांच्या दीड-दोन टक्क्यांत यायला हवीत. एखाद्या वर्षी तिसरा टप्पा एकदम कमी दिसला तर त्या टप्प्यातली शेवटच्या चार दिवसांची बिलं उघडून बघा. महागड्या साड्यांची बिलं अचानक थांबली असतील आणि स्वस्त माल चालूच असेल, तर मागणी पडली नव्हती, माल संपला होता. तो आकडा वर चढवूनच वापरा, नाहीतर गेल्या वेळची टंचाई यंदाच्या ऑर्डरमध्येही उतरेल.

२०२६साठी हे टप्पे तारखांवर ठेवले की पहिला २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, ७.८ लाख. दुसरा ११ ते २० ऑक्टोबर, ३.९ लाख. तिसरा २१ ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर, साधारण १०.९ लाख. आता मालाचा विचार याच तारखांवर करायचा, महिन्यांवर नाही.

पहिल्या टप्प्याबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. घटस्थापनेआधीचा पंधरवडा बहुतेक वर्षी पितृपक्षाचा असतो. त्या दिवसांत लग्नाची किंवा शुभकार्याची साडी घ्यायला मराठी आणि गुजराती दोन्ही घरं कचरतात, पण गरब्यासाठीची चणिया-चोळी तेव्हाच निघते. म्हणून पहिल्या टप्प्याचे १० टक्के म्हणजे प्रामुख्याने चणिया-चोळी आणि तिसऱ्याचे १४ टक्के म्हणजे साड्या-ड्रेस. एकूण विक्रीचा निर्देशांक हे दाखवत नाही, म्हणून निदान चणिया-चोळी आणि बाकी माल असे दोन वेगळे हिशेब कराच. याहून बारीक विभागणी तीन वर्षांच्या नोंदीवर करू नका. प्रत्येक प्रकाराची बिलं इतकी थोडी होतात की निर्देशांक नुसता उड्या मारतो.

दोन्ही मालांना हाताशी जादा किती ठेवायचा याचं उत्तरही वेगळं आहे. दसऱ्यानंतर चणिया-चोळी वर्षभर अडकते आणि पुढच्या नवरात्रीपर्यंत फॅशन बदललेली असते. तिथे मी अंदाजापेक्षा थोडा कमीच माल घेईन आणि शेवटच्या दोन दिवसांत काही गिऱ्हाईक परत गेलं तरी चालवून घेईन. साडी दिवाळीला उरली तर देवउठी एकादशीनंतर लग्नसराई सुरू होते, त्यात ती निघते. तिथे अंदाजावर दहा टक्के जास्त घ्यायला मला भीती वाटत नाही.

रोकडीचा हिशेब दोन पायऱ्यांत करा. आधी वर्षभराचा. विक्रीवर २५ टक्के नफा, दुकानाचा खर्च महिन्याला ९० हजार आणि घरखर्चाची उचल ५० हजार असं धरलं, तर १.४ लाख सुटायला महिन्याला ५.६ लाख विक्री हवी. ६.५ लाखांच्या सरासरीवर ती ८६च्या निर्देशांकाला पडते. याच्या खालचा प्रत्येक महिना गाठीतले पैसे खातो. तक्त्यात जानेवारी, मार्च, जून, जुलै आणि ऑगस्ट खाली आहेत. जून-जुलैचे ६० म्हणजे महिन्याला ३.९ लाख विक्री, त्यावर साधारण ९७ हजार नफा, म्हणजे दर महिन्याला ४३ हजारांचा खड्डा. ऑगस्टमध्ये आणखी दहा हजार. जूनच्या आधीच हे लाखभर रुपये बाजूला काढले नाहीत तर नवरात्रीच्या मालाचा बयाणा देताना हात रिकामा असतो. तुमचे खरे खर्च घालून तुमचा स्वतःचा ८६ काढा. मला विचाराल तर या सगळ्या तक्त्यातला तो सर्वांत उपयोगी आकडा आहे.

यंदा मे-जूनलाही सावध राहा. १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक मासात लग्नं नाहीत, म्हणून मेचे ११० मिळणार नाहीत आणि जून अखेरीच्या मुहूर्तांमुळे जून ६०च्या वर जाईल. तुमच्या तीन वर्षांत अधिक ज्येष्ठ एकदाही आलेला नाही, त्यामुळे इथे नोंद मदत करत नाही, अंदाजच करावा लागतो. दोन्ही महिन्यांची बेरीज १७० आहे. मी मेला ८५ आणि जूनला ८० धरून चालेन. बेरीज १६५ ठेवली, कारण काही लग्नं एप्रिलमध्ये उरकतील किंवा नोव्हेंबरनंतर जातील. याचा अर्थ लग्नाच्या साड्या एप्रिलच्या सुरुवातीलाच दुकानात हव्यात आणि जूनच्या खड्ड्यासाठी मेवर भिस्त ठेवता येणार नाही.

आता हंगामाची रोकड. पहिल्या दोन टप्प्यांची विक्री ११.७ लाख, म्हणजे खरेदी किमतीने साधारण ८.८ लाखांचा माल. २०२५मध्ये पहिला टप्पा १ सप्टेंबरला सुरू झाला, म्हणून माल ऑगस्टच्या मध्याला आला असेल. यंदाही सवयीने ऑगस्टच्या मध्याला मागवलात आणि सुरतच्या व्यापाऱ्याची मुदत तीस दिवसांची असेल, तर ८.८ लाखांचं बिल सप्टेंबरच्या मध्याला अंगावर येतं. पहिला टप्पा तेव्हा सुरूही झालेला नसतो, आणि मधल्या महिन्याची विक्री सारी पाच लाखांच्या आसपास. बँकेच्या कॅश क्रेडिटमधून भरलं तर वर्षाला १२ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ८,८०० रुपये होतं. तेही एक वेळ सोसता येईल, पण दिवाळीच्या साड्या घ्यायच्या दिवसांत तुमची मर्यादा नवरात्रीच्या मालात अडकलेली असेल. खरं नुकसान तिथे होतं.

तोच माल दोन हप्त्यांत घ्या: साठ टक्के ५ सप्टेंबरला, उरलेला १८ सप्टेंबरला. पहिलं ५.३ लाखांचं बिल ५ ऑक्टोबरला येतं, तेव्हा पहिल्या टप्प्याचे सोळा दिवस होऊन गेलेले असतात. दुसरं साडेतीन लाखांचं १८ ऑक्टोबरला, नवरात्र संपता संपता. दिवाळीचा माल खरेदी किमतीने ८.२ लाखांचा होतो; तो १० ऑक्टोबरनंतर उचललात तर बिलाची तारीख ८ नोव्हेंबरच्या पलीकडे जाते. कारागिराकडून भरतकाम करवून घ्यायचा माल मात्र जुलैतच सांगावा लागतो. त्याचा बयाणा जून-जुलैच्या खड्ड्यात धरा, आणि माल सप्टेंबरात पोचेल अशी तारीख ऑर्डरवर लिहून घ्या. नोकरांचा दिवाळी बोनसही यंदा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडेल, आणि दिवाळीनंतर लाभपाचमेपर्यंत गल्ल्यात फारसं काही येत नाही हेही त्या आठवड्याच्या शिलकीत धरा.

१ ऑक्टोबरला पहिल्या टप्प्याची तोवरची विक्री मोजा आणि गेल्या तीन वर्षांत घटस्थापनेच्या दहा दिवस आधी टप्प्याची किती टक्के विक्री झाली होती, त्याच्याशी ताडा. चणिया-चोळी मागे असेल आणि साड्याही नेहमीपेक्षा मागे असतील, तर दिवाळीच्या ऑर्डरमधला एक चतुर्थांश माल थांबवून ठेवा. सुरत जवळ आहे, तयार साड्या दोन-तीन दिवसांत येतात. नुसतीच चणिया-चोळी मागे असेल आणि बाहेर पाऊस पडत असेल, तर दिवाळीची ऑर्डर आहे तशीच राहू द्या.